हिरवी टिकली

उषाबाई पीठ मोजून घेते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पितळी मापटं डब्यात बुडवायचं, वर आलेला ढीग तळहातानं सपाट करायचा, हाताला लागलेलं पीठ परत डब्यात झटकायचं. एक्याऐंशी साली परतूरकडून लग्न होऊन ती जाफराबाद तालुक्यातल्या या गावात आली, तेव्हापासून तिची ही रीत. उरलेलं अन्न बघून ती अस्वस्थ व्हायची, कमी पडलेलं बघूनही. दोन्हींत तिला आपलीच चूक दिसायची. बाहेरून बघणाऱ्याला मात्र फक्त तो सपाट करणारा तळहात दिसे, आणि असा तळहात असलेल्या बाईला लोक चिक्कू म्हणून मोकळे होतात.

नवरा रामकिसन शांत माणूस. कापूस, सोयाबीन आणि घर यांच्यामधल्या पायवाटेवर त्याचं आयुष्य चाललं होतं. सासू द्वारकाबाई. तिला उषाबाई आत्या म्हणायची. द्वारकाबाई एकेकाळी उंच होती. उंबऱ्यातून आत येताना वाकायची, अशी आठवण जुन्या बायका सांगत. आता ती बाहेरही वाकलेलीच असे. पाठीचा कणा वर्षावर्षानं पुढं झुकत गेला होता आणि तिची नजर जमिनीवर येऊन थांबली होती. माणसाला असं घडी घालायला काळाला घाई नसते. घरातल्यांच्याही ते लक्षात येत नाही, कारण घरातली माणसं रोज बघतात.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर द्वारकाबाई वाळायला लागली. हातातले चांदीचे गोट मनगट सोडून कोपराकडं सरकले. आणि तिची भूक वाढली. आधी एक भाकरी पुरायची, आता दोन खाऊन ती ताटाकडं बघत बसे. दुपारी शेंगदाणे, तिसऱ्या प्रहरी गुळाचा खडा. उषाबाईनं एकदा तिला पदराआड भाकरीचा तुकडा लपवताना पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून मापटं एकदा जास्त बुडायला लागलं, एवढंच.

गावाला हे दुसरं मापटं दिसलं नाही. गावाला गोट दिसले.

जानेवारीत शाळेत आरोग्य शिबिर भरलं. जालन्याहून एक जीप आली. कुठल्याशा मंडळाची शिकलेली मुलं होती. ओट्यावर वजनाचा काटा, भिंतीला उंचीची पट्टी, टेबलावर गणकयंत्र. गर्दी फार, वेळ थोडा, म्हणून त्यांनी एक सोपी युक्ती केली होती. वजन आणि उंचीवरून एक आकडा काढायचा आणि त्या आकड्याप्रमाणे रंगीत कागदाची गोल टिकली माणसाच्या छातीवर चिकटवायची. कमी असेल तर पिवळी, बराबर असेल तर हिरवी, जास्त असेल तर लाल. पिवळ्या आणि लाल माणसांनी आतल्या खोलीत डॉक्टरांकडं जायचं. हिरव्यांनी घरी.

जाफराबादच्या बाजारात पोती उचलणारा भुजंग लाल निघाला. दंड मांडीएवढे, पोट फळीसारखं.

"तूप बंद करा," काट्याजवळची मुलगी म्हणाली.

"ताई, तूप सुरू कवा झालं ते तरी सांगा," भुजंग म्हणाला. सगळे हसले. तोही हसला, पण टिकली काढून खिशात ठेवताना जरा वरमला. आपण आजारी आहोत असं त्याला त्या क्षणापर्यंत वाटलं नव्हतं.

द्वारकाबाईला उषाबाईनं हात धरून काट्यावर चढवलं. मग भिंतीला उभं केलं.

"आजी, ताठ उभ्या राहा."

"हेच ताठ हाय माय. याच्याहून ताठ न्हाई होत आता."

मुलीनं पट्टीवरची फळी खाली सरकवली. तिला अजून बरीच खाली सरकवावी लागली. गणकयंत्र टिकटिकलं.

"वा, आजी! वीस पॉइंट नऊ. एकदम बराबर." आणि तिनं द्वारकाबाईच्या पदरावर हिरवी टिकली लावली.

"अगं बाई," द्वारकाबाई खाली बघत म्हणाली, "मालक जाऊन बारा वर्षं झाली. आता टिकली लावती का मला?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. उषाबाईही हसली. पुष्कळ दिवसांनी तिला छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. आतल्या खोलीसमोरची रांग ओलांडून त्या दोघी घरी आल्या. टिकली उषाबाईनं पदरावरून सोलून दाराच्या चौकटीवर चिकटवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

संक्रांतीला नणंद आली. गोजरबाई रामकिसनहून मोठी, भोकरदनकडं दिलेली. आवाज असा की ती वाड्याच्या त्या टोकाला बोलली तर या टोकाच्या म्हशी कान हलवत. आल्या आल्या तिनं आईला मिठी मारली आणि मिठीतच थांबली.

"माय गं, तुझी हाडं टोचून राह्यली."

मग मिठी सोडून ती भावाकडं वळली.

"रामा, मायला खायला देता का न्हाई?"

"अक्का, खाती ना ती," रामकिसन म्हणाला. "मी बघतो रोज."

"तू बघतो? तू ढेकळं बघतो. चुलीपाशी कोण असतं?" ती उषाबाईकडं वळली. "माप मोजणारीला सांगते, उषा. म्हातारी माणसं मापानं जेवत न्हाईत. भावकीत कुणाकुणाच्या तोंडून ऐकलं मी. खरं न्हाई वाटलं. आता डोळ्यानं बघितलं."

बावीस वर्षांत उषाबाईनं नणंदेला उलटं उत्तर दिलं नव्हतं. तिनं फक्त चौकटीकडं बोट केलं.

"ती टिकली बघा अक्का. जालन्याच्या डॉक्टर लोकांनी लावली. आत्याचं वजन बराबर हाय म्हणून. उगाच न्हाई लावत ते. भुजंगभाऊला लाल लावली."

"हिरवी म्हणजे बराबर," रामकिसन घाईनं म्हणाला. "यंत्रावर काढलं अक्का."

यंत्रापुढं गोजरबाईचा आवाज थांबला. तिनं टिकलीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. मग ती म्हणाली, "असंल," आणि तिळाचा लाडू हातात तसाच धरून बसली. उषाबाई जिंकली होती. तिला जिंकायची सवय नव्हती. संध्याकाळभर ती भांडी जरा जास्तच आवाज करून घासत राहिली.

गोजरबाई गेली त्याच आठवड्यात उषाबाई सासूला अंघोळ घालत होती. पाटावरून उठवायला तिनं काखेत हात घातले, नेहमीच्या अंदाजानं जोर लावला, आणि म्हातारी एकदम वर आली. रिकामी घागर भरलेली समजून उचलावी तशी. उषाबाई मागं पडता पडता वाचली.

"हळू गं," द्वारकाबाई म्हणाली.

उषाबाई तिला धरून उभीच राहिली. तिला मारुतीचा पार आठवला. तीन वर्षांपूर्वी द्वारकाबाईला शेतात साप चावला होता. माय वाचली तर तिच्याइतका गूळ वाटीन, असा नवस रामकिसननं केला. ती वाचली. पारावर धान्याचा मोठा तराजू टांगला आणि एका पारड्यात द्वारकाबाईला बसवलं. बसवताना याच दोन हातांना किती जड गेलं होतं! दुसऱ्या पारड्यात दहा-दहा किलोच्या पाच ढेपा गेल्या आणि वर एकेक किलोच्या तीन भेल्या, तेव्हा कुठं काटा सरळ झाला. तो गूळ फोडून घरोघर वाटला होता तिनंच. त्रेपन्न किलो.

आणि शाळेतल्या काट्यावर मुलीनं मोठ्यानं वाचलं होतं, एक्केचाळीस.

चार ढेपा आणि एक भेली. बाराएक किलो बाई गेली कुठं? आणि गेली असेल तर ती टिकली हिरवी कशी?

या प्रश्नाला दोन तोंडं होती, हे उषाबाईला तिथंच, ओल्या फरशीवर कळलं. टिकली खरी असेल तर ती सुटली. टिकली खोटी असेल तर गोजरबाई खरी. अन्न देणाऱ्या बाईच्या घरात माणूस वाळतं, याचा अर्थ गाव एकच लावणार. तिला गप्प बसता आलं असतं. टिकली चौकटीवर होतीच.

रात्रीच्या जेवणानंतर ती रामकिसनला म्हणाली, "आत्याला जाफराबादला रजनी डॉक्टरीणबाईकडं न्यायचं."

"कामून? हिरवं आलं ना?"

"आलं. पण ती हलकी झाली."

"म्हातारपण हाय."

"मी उचलती तिला. तुम्ही न्हाई."

रामकिसन बराच वेळ जमीन खरवडत बसला. "उषा, आता कुठं अक्काचं तोंड बंद झालं. तू आपल्या हातानं उघडायला निघाली."

"उघडू द्या. अक्कालाच बोलावून घ्या दवाखान्यात. जे निघंल ते तिच्यासमोर निघंल. मागून मला कुणी म्हणू नये की लपवलं."

डॉक्टर रजनी जालन्यात वाढलेली, जाफराबादला दवाखाना काढून बसलेली मध्यमवयीन बाई. बाकावर सून आणि लेक बसल्या, मधे द्वारकाबाई. रामकिसन दाराशी. उषाबाईनं सगळं सांगितलं. टिकली, भूक, गूळ. गुळाचं ऐकताना डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं.

त्यांनी द्वारकाबाईला भिंतीशी नेलंच नाही. दोन्ही हात आडवे पसरायला लावले, पंखासारखे, आणि एका हाताच्या मधल्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत टेप धरला.

"एकशे त्रेपन्न सेंटिमीटर," त्या म्हणाल्या. "माणसाची उंची साधारण हाताच्या या पसाऱ्याएवढी असते. पाठ वाकते, हात वाकत नाहीत. शिबिरात किती भरली होती?"

"एकशे चाळीस," उषाबाई म्हणाली. तो आकडाही मुलीनं मोठ्यानंच वाचला होता.

"तो आकडा काढताना वजनाला मीटरमधल्या उंचीनं भागतात, आणि आलेल्याला परत उंचीनं भागतात. उंची दोनदा लागते. ती कमी धरली की आकडा फुगतो. पाठ वाकली म्हणून यांचं शरीर काही आखूड झालं नाही. खऱ्या उंचीनं हिशेब केला तर साडेसतरा येतो. हिरवी नाही, पिवळी टिकली."

गोजरबाई बाकावरून उठली. "म्हणजे माझं खरं व्हतं!"

"अर्धं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाळल्यात हे खरं. का वाळल्यात ते मला अजून माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही."

"मंग ते शिबिरवाले खोटारडे?" रामकिसननं विचारलं.

"खोटारडे नाहीत. दिवसभरात शंभर माणसं बघायची तर काहीतरी चाळणी लागते. चाळणी म्हणून तो आकडा ठीक आहे. पण चाळणीतून पडलं ते सगळं चांगलं, असं नसतं. त्या आकड्याला फक्त वजन आणि उंची कळते. वजन कशाचं आहे ते कळत नाही. पोती उचलणाऱ्याचं मांस त्याला चरबी वाटतं. पाय सुजून अंगात पाणी भरलं तर तो म्हणतो, वा, वजन वाढलं. हातापायाच्या काड्या आणि पुढं आलेलं पोट, अशी माणसं माझ्याकडं रोज येतात. आकडा बराबर, आणि रक्तात साखर. आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्याला काल माहीत नसतो. आजींची उंची बरोबर मोजून आकडा समजा बराबर आला असता, तरी बारा किलो गेलेत ही गोष्ट त्यात कुठंच दिसली नसती. न ठरवता एवढं वजन जाणं हीच तक्रार. ते मला तुमच्या गुळानं सांगितलं."

त्यांनी साखर तपासली. बराबर निघाली. क्षयाची शंका म्हणून छातीचा फोटो आणि थुंकी तपासायला सांगितली. महिन्यानं परत आणा, म्हणाल्या, याच काट्यावर वजन करू.

दवाखान्याच्या पायरीवर गोजरबाईनं आईचा हात धरला. "महिनाभर मी नेते हिला. बघते मी खाऊ घालून. मंग कळंल सगळ्यायला."

उषाबाईनं मान हलवली. घरी येऊन सासूचं गाठोडंसुद्धा तिनंच बांधून दिलं.

तो महिना उषाबाईनं कसा काढला, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. पाणवठ्यावर गेली की बोलणं थांबायचं. केशरबाई म्हणून शेजारीण होती, ती तोंडावर म्हणाली, "लेकीनं नेलं म्हणं मायला. बरं झालं, दोन घास पोटात जातील." घरात दोन माणसांचं पीठ मोजताना उषाबाईचा तळहात मापट्यावर थांबे. माणूस आयुष्यभर एक सवय सांभाळतं आणि एक दिवस तीच त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभी राहते. चौकटीवरची टिकली तिनं काढली नाही. उन्हानं ती पांढरी होत गेली.

छातीचा फोटो स्वच्छ आला. थुंकीतही काही नव्हतं. रामकिसनला वाटलं, आता राहिला एकच अर्थ. त्या दिवशी तो बायकोकडं न बघता जेवला.

महिन्यानं गोजरबाई आईला घेऊन दवाखान्यात आली. उषाबाईनं आधी काट्याकडं न बघता नणंदेकडं बघितलं. गोजरबाईचा चेहरा उतरलेला होता.

द्वारकाबाई काट्यावर चढली. एकोणचाळीस.

"डॉक्टरीणबाई," गोजरबाई खालच्या आवाजात म्हणाली, आणि तो आवाज तिचा वाटेना, "दूध दिलं. तूप दिलं. शिरा करून घातला. तिनं सगळं खाल्लं. माझ्या हातानं भरवलं. तरी दोन किलो कुठं गेलं?"

डॉक्टरीणबाईंनी द्वारकाबाईला दोन्ही हात पुढं करायला सांगितले, बोटं फाकवून. हातांवर एक पातळ कागद ठेवला. कागद बारीक थरथरत राहिला, वारा नसताना. मग नाडी धरली. बराच वेळ धरली.

"थंडी वाजते का आजी?"

"न्हाई माय. मला गरमच व्हतं."

"थंडीतसुद्धा गोधडी फेकून देती," उषाबाई म्हणाली.

"माझ्याकडंही फेकली," गोजरबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाई खुर्चीत मागं टेकल्या. "हे मी पहिल्याच वेळी बघायला पाहिजे होतं. नाडी जलद लागली तेव्हा अशक्तपणा म्हटलं. म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरायचाच, म्हणून सोडून दिलं. गळ्यात एक गाठीसारखा अवयव असतो, थायरॉइड. तो जास्त काम करायला लागला की शरीराची भट्टी भडकते. खाल्लेलं सगळं जळतं आणि वर मांसही जळायला लागतं. माणूस खातं आणि वाळतं. हाडंसुद्धा झिजतात. रक्त जालन्याला पाठवू, मग नक्की सांगते."

रक्ताचा अहवाल आठवड्यानं आला, तो ऐकायला तिघी परत दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंचा अंदाज खरा ठरला. गोळ्या रोजच्या, न चुकता. मधेमधे रक्त तपासायचं, थोडा खर्च होईल. महिन्याला वजन, याच काट्यावर, आणि मागच्या वजनाशी ताडून. "टिकलीचा रंग विसरा," त्या म्हणाल्या. "कालच्यापेक्षा आज काय, एवढं बघा."

बाहेर आल्यावर गोजरबाई दवाखान्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली. उषाबाई सासूसाठी रसवंतीवरून रस घेऊन आली. दोघी एकमेकींकडं न बघता उभ्या होत्या.

"तुझ्याकडं किती खायची ती?" गोजरबाईनं विचारलं.

"दोन भाकरी. कधी अडीच."

"माझ्याकडं तीन." ती थांबली. "महिनाभर रोज वाटायचं, आज अंगाला लागंल. उद्या लागंल. सासरचे म्हणायला लागले, लेकीच्या घरी येऊन अजून वाळली म्हातारी. मला म्हणायला लागले, उषा. मला!"

उषाबाईनं महिनाभर या क्षणाची वाट बघितली होती. तो आला तेव्हा त्यात गोड असं काही नव्हतं. समोर एक थकलेली बाई होती, तिच्यासारखंच सोसलेली.

"अक्का," ती म्हणाली, "मला काही म्हणू नका. पण गावात तुम्ही बोलल्या व्हत्या. गावात तुम्हीच सांगा."

गोजरबाईनं नाक पुसलं. "सांगते. गाव कशाला, जीपपासूनच सांगते."

आणि तिनं सांगितलं. काळीपिवळी जीपमध्ये माणसं कोंबलेली, टपावर कांद्याची पोती, आणि गोजरबाईचा जुना आवाज परत आलेला. "माझ्या मायला गळ्याची बिमारी निघाली. माझी भावजय उपाशी ठेवती म्हणून मी बोलले, चुकीचं बोलले. ऐकलं का सगळ्यांनी? ओ मास्तर, तुम्हालाही सांगून राह्यले. पेपर नंतर वाचा." मास्तरनं पेपर खाली केला. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, मलाही कळलं, आता गियरपाशी हात नका हलवू." उषाबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला. तिला लाज वाटत होती आणि हसूही येत होतं.

गावात केशरबाईसारख्या काही जणींना ते शेवटपर्यंत पटलं नाही. दोन वर्षांनी द्वारकाबाईचं वजन बरंच परत आलं तेव्हा त्या म्हणाल्या, बघा, लेक बोलली म्हणून सून खायला घालायला लागली. उषाबाईनं त्यांच्याशी वाद घातला नाही. म्हातारीची पाठ सरळ झाली नाही, ती होणार नव्हतीच.

पण ते पुढचं. त्या दिवशी जीप गावाच्या फाट्याकडं वळली तेव्हा द्वारकाबाई दोघींच्या मधे दाबून बसलेली होती. सगळ्या बोलण्यात तिनं इतका वेळ तोंड उघडलं नव्हतं. आता तिनं सुनेच्या दंडाला बोट लावलं.

"उषे."

"काय आत्या?"

"मंग मला भूक लागत व्हती, ती बिमारीचीच व्हती ना?"

"बिमारीचीच."

म्हातारीनं वाकलेली मान हलवली, एकदा, दोनदा. "मला वाटलं, या वयात मी हावरट झाले. चोरून खायची गं मी. मला लई शरम वाटायची."

उषाबाईनं तिचा थरथरणारा हात आपल्या मांडीवर घेतला आणि फाटा येईपर्यंत तसाच दाबून धरला.